ईद झाल्याशिवाय तारीख धरू नका

“मावशी, नमस्कार. दोन वर्षांनी मुलीचं शिक्षण संपलं की लग्न करायचं आहे. मुलगा तिनंच निवडलाय, घर चांगलं आहे. यजमान म्हणतात, आठ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढू, पाच वर्षांत फेडू, सगळेच काढतात. माझ्या आजीनं आयुष्यात कुणाकडून रुपया घेतला नव्हता, तरी चार लेकरांची लग्नं केली. मी हे बोलले की घरात सगळे हसतात, ‘तो काळ वेगळा होता’ म्हणतात. खरंच आता तसं जमत नाही का? की मी उगाच हट्ट धरतेय?” – एक वाचक

तुमच्या आजी मला ठाऊक नाहीत, पण माझी आजीही तशीच होती. ती हे कसं जमवायची ते मी जवळून पाहिलंय, म्हणून तेच सांगते.

तिचं गाव तुळजापूर तालुक्यात. कोरडवाहू जमीन, त्यातली ज्वारी घरालाच पुरायची. पैसा म्हणून जो काही यायचा तो शेळ्यांचा. काळ्याभोर, लांब कानांच्या उस्मानाबादी शेळ्या. पाच महिन्यांत विणाऱ्या, बऱ्याचदा जुळी देणाऱ्या, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर निभावणाऱ्या. नीट सांभाळलं तर साधारण सव्वा वर्षात दोन वेतं होतात. आजीला आकडेमोड येत नव्हती, पण कुठली शेळी कधी व्यायची आणि त्या करडाला वर्ष कधी भरायचं, हे तिला तोंडपाठ असे.

धाकट्या मावशीचं लग्न 1978 च्या वैशाखात झालं. सोयऱ्यांना खरं तर आदल्या वर्षीच, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा होता. आजीनं निरोप धाडला, “ईद झाल्याशिवाय तारीख धरू नका.” त्यांना वाटलं, हिंदूच्या घरच्या लग्नाला ईद कशाला? कारण साधं होतं. बोकडाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव बकरी ईदेच्या आधी मिळतो आणि 1977 साली ती ईद नोव्हेंबरात होती. कुर्बानीचा बोकड वर्ष पुरं झालेला लागतो. शिंग मोडलेला, कान फाटलेला, लंगडा चालत नाही. म्हणजे ईदेला विकायचा बोकड आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास तरी जन्मलेला हवा. लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या किती आधीपासून तिनं हे धरलं असेल बघा. तीन शेळ्यांची वेतं तिनं जपली, पाठी विकल्या नाहीत, बोकड आखाडातल्या गिऱ्हाइकाला दिले नाहीत. पहिल्या पावसाच्या कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर करडं तुटून पडली की आंत्रविषारानं एका रात्रीत मरतात, म्हणून ती आधी त्यांना घरात कडबा खाऊ घालायची आणि मगच बाहेर सोडायची. तरी दोन गेलीच. ईदेपर्यंत सहा बोकड हाताशी राहिले.

बाजारात व्यापारी फडक्याखाली बोटं धरून भाव करतात. आजी फडकं बाजूला सारायची. “तोंडानं बोल की. समद्यांना ऐकू जाऊ दे.” सहापैकी चार तिथंच गेले. उरलेल्या दोघांना भाव पाडून मागितला, तर ती त्यांना घेऊन चालत घरी आली आणि पुढच्या बाजाराला परत गेली. ईदेला अजून आठ दिवस आहेत हे तिला माहीत होतं, आणि तिला पैसे आजच लागत नव्हते. कर्ज नसलेल्या माणसाचा बाजारातला जोर तो हाच.

त्या पैशांतून बस्ता आणि मणी झाले. भांडी ती तीन वर्षं एकेक करून घेत आली होती. जेवणाचा गहू नि डाळ घरची आणि भावकीची, गव्हाची खीर आणि वरण-भात. आहेराचं मात्र तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिच्या घरच्या लग्नात आलेला आहेर वहीत लिहिला जायचा आणि तो पुढं फेडावा लागायचा. म्हणजे तीही एक देणेदारीच. फरक इतकाच की आजी दुसऱ्याच्या लग्नात आधी द्यायची. वहीत तिचं येणं असायचं.

घराचं माळवद गळायला लागलं तेव्हा तिनं पत्रे एकदम घातले नाहीत. दरवर्षी एक खण. तीन पावसाळे एका खोलीत भांडी मांडून काढले. हे हाल होते, आणि ते मी गोड करून सांगणार नाही.

तिची रीत जिथं तुटली तेही ऐका. आजोबा आजारी पडले ते ऐन श्रावणात. मटण बंद, बोकडाला गिऱ्हाईक नाही. दवाखाना थांबत नाही. तिनं चार दुभत्या शेळ्या खाटकाला मिळेल त्या भावानं दिल्या आणि कळप पुन्हा उभा व्हायला बरीच वर्षं गेली. आजार तारीख विचारून येत नाही, म्हणून त्या खर्चाला तिची रीत पुरी पडली नाही. तुम्ही लग्नासाठी हात आखडणार असाल, तर आरोग्य विम्याचा हप्ता मात्र आखडू नका. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्याला काय मिळतं, तेही आत्ताच पाहून ठेवा.

आता तुमचं. आठ लाख, समजा 12 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण 17,800 रुपये बसतो आणि परत जातात 10 लाख 68 हजारांच्या आसपास. लग्नानंतर पाच वर्षं हा हप्ता झेपेल असं यजमानांना वाटतंय. मग तोच हप्ता आजपासून दोन वर्षं बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकता येईल. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी लग्नापर्यंत साडेचार लाख जमतात. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून या कामाला बँकेची, चोवीस महिन्यांची घ्या. हप्ता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जड जाऊ लागला, तर कर्जाचाही झेपला नसता हे तेव्हाच कळेल, आणि कळून नुकसान काही होणार नाही.

भिशी असेल तर शेवटचा नंबर घ्या. पहिला नंबर घेतला की पुढचे महिने तुम्ही फेडतच असता, ते कर्जच झालं. शेवटचा म्हणजे साठवण. फक्त भिशी चालवणाऱ्या बाईला तुम्ही वर्षानुवर्षं ओळखत असाल तरच, कारण मधेच कुणी भरायचं थांबवलं तर फटका शेवटच्या नंबरालाच बसतो.

राहतात साडेतीन लाख. तिथं यजमानांशी वाद घालू नका, आधी मुलीला विचारा. ती मिळवती झाल्यावर लग्न सहा महिने पुढं ढकललं तर तिला चालेल का? मुलाकडच्यांनी निम्मा खर्च उचलावा असं ती स्वतः बोलू शकेल का? निवड तिची आहे, तर हे बोलणंही तिचंच. आणि दागिन्यांची यादी तिच्यासमोर करा. बऱ्याच मुलींना पाटल्या-तोडे नको असतात आणि आया त्यासाठीच जिवाचा आटापिटा करत असतात.

तरीही लाख-दीड लाख कमी पडले तर तेवढंच कर्ज काढा, आठाचं नको. माझी आजी असती तर तेही काढू दिलं नसतं. मी काढू देईन, कारण तुमच्याकडे पगार आहे आणि तिच्याकडे नुसता पाऊस होता. कार्यालयाची आगाऊ रक्कम भरली की आकडा तुमच्या हातात राहत नाही, तेव्हा हे सगळं त्याच्या आधी बोलून घ्या.