नम लॉक, नंबर पॅड आणि ½ Ø: न बघता एन्ट्री करायची तर

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानात खरेदीची बिलं एक्सेलमध्ये भरतो. नंबर पॅडवर स्पीड कसा वाढवू? पीसी चालू केला की नम लॉक दर वेळी बंदच असतो. आणि ½, Ø असली चिन्हं कशी टाकायची?

उत्तर: आधी नम लॉकचं मिटवून टाका, कारण बंद नम लॉकमुळे नुसता वेळ जात नाही, भरलेला डेटा पण गुपचूप उडतो. समजा तुम्ही दराच्या कॉलममध्ये आहात, नजर बिलावर आहे आणि 7.5 टाइप केलंत. नम लॉक बंद असेल तर 7 म्हणजे होम, त्यामुळे कर्सर सरळ त्या ओळीच्या पहिल्या कॉलममध्ये जातो, म्हणजे बहुतेकांच्या शीटमध्ये बिल नंबरवर. मग पॉइंटचं बटण म्हणजे डिलीट, बिल नंबर गेला. 5 काहीच करत नाही. एंटर दाबला की खालच्या ओळीत. कुठलाही मेसेज येत नाही, आवाज येत नाही. म्हणून शीटमध्ये मधेच एखाद्या ओळीचा बिल नंबर रिकामा दिसला तर पहिला संशय यावरच घ्या, लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेडने परत येतो.

विंडोजमध्ये साधा उपाय म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवरच नम लॉक चालू करायचा आणि तिथल्याच पॉवरच्या बटणातून रिस्टार्ट द्यायचा, बऱ्याच पीसींवर एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि हे द्या:

```
reg add "HKU\.DEFAULT\Control Panel\Keyboard" /v InitialKeyboardIndicators /t REG_SZ /d 2147483650 /f
```

हे विंडोज 10 आणि 11 साठी. यानंतर शट डाउन नाही, रिस्टार्टच करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, मागची स्थिती साठवून तीच परत उचलतो. दुकानाच्या पीसीवर अ‍ॅडमिनचे अधिकार तुमच्याकडे नसतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून एकदाच करून घ्या. आणि एवढं करूनही उलटंच होत असेल तर बायोसमध्ये नम लॉकचा वेगळा ऑप्शन असतो का ते बघा, दोघांची ओढाताण झाली की असं होतं.

शिवाय नम लॉकचं बटण ५ सेकंद दाबून धरा, टॉगल कीज चालू करायचं का विचारेल, हो म्हणा. (नाहीच विचारलं तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे मिळेल.) मग नम लॉक चालू होताना बारीक उंच आवाज येतो आणि बंद होताना खालचा. बॅकस्पेसकडे जाताना हात चुकून नम लॉकला लागला तरी कानाला कळतं, दिव्याकडे बघायला नको. आजकाल बऱ्याच कीबोर्डला तो दिवाच नसतो, त्यांनी तर हे कराच.

आता स्पीड. नंबर पॅडवर स्पीड म्हणजे बोटं जोरात चालवणं नाही, नजर बिलावरून न हलवणं. 5 वर एक उंचवटा असतो, मधलं बोट तिथे. तर्जनी 4 वर, ती 7 आणि 1 पण बघते, मधलं बोट 8 आणि 2, अनामिका 6, 9, 3 आणि पॉइंट. अंगठा फक्त 0 ला, करंगळी एंटर आणि प्लसला. प्रत्येक आकड्यानंतर बोटं 4-5-6 वर परत आली पाहिजेत, इथेच बहुतेक जण आळस करतात आणि मग 8 च्या जागी 9 पडतो. आणि मोबाइलवर 1-2-3 वर असतात, इथे 7-8-9 वर, त्यामुळे सुरुवातीला 1 आणि 7 ची अदलाबदल होते, त्या दोनच बटणांचा थोडा वेगळा सराव करा.

एक्सेलमध्ये अजून एक सेटिंग करून ठेवा. File, मग Options, मग Advanced, तिथे एंटरनंतर कर्सर कुठे जावा ते असतं, तिथे Right निवडा. मग नग आणि दराच्या दोन कॉलमचा भाग आधी सिलेक्ट करायचा, समजा D2:E4. आता करंगळीने नुसता एंटर दाबत गेलात की नग, दर, मग आपोआप पुढच्या ओळीचा नग. टॅब नको, माऊस नको, उजवा हात पॅडवरून उठतच नाही आणि डावा हात बिलावर बोट ठेवायला मोकळा.

समजा तीन ओळींचं बिल आहे, 24 नग 7.50 ने, 12 नग 18.75 ने, 6 नग 42.50 ने. 7.5 एवढंच टाइप करा, शेवटचा शून्य फॉरमॅट दाखवेल. F मध्ये गुणाकाराचा फॉर्म्युला आधीच ओढून ठेवा आणि ते तीन सेल सिलेक्ट करून खालच्या पट्टीत Sum बघा, बिलाशी जुळला पाहिजे, इथे 660. समजा आला 657.84, म्हणजे फरक 2.16, पैशांत 216. याला 9 ने पूर्ण भाग जातो, आणि असं झालं की बऱ्याचदा दोन आकडे उलटे पडलेले असतात. इथे तेच आहे, 18.75 चं 18.57 झालंय. सगळं बिल परत तपासण्यापेक्षा आधी असे जोडीचे आकडे बघा, बऱ्याचदा लगेच सापडतं.

चिन्हांसाठी डावीकडचा ऑल्ट दाबून धरायचा, नंबर पॅडवर कोड टाकायचा आणि मग ऑल्ट सोडायचा, सोडल्याशिवाय चिन्ह येत नाही. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी होत नाही. तुमच्या कामाला एवढे पुरतील: ½ साठी 0189, ¼ साठी 0188, ¾ साठी 0190, Ø साठी 0216, × साठी 0215. पुढचा शून्य खाऊ नका, 189 टाकलं तर जुन्या डॉसच्या तक्त्यातलं ╜ असलं चौकटीचं चिन्ह येतं, शून्य लावला की विंडोजच्या तक्त्यातलं. यातले दोन-तीन हातात बसले की बाकीचे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, पाठ करत बसू नका.

पण ½ कुठे टाकायचं याचा विचार करा. मालाच्या नावात ठीक आहे, "एल्बो ½ इंच". हिशोबाच्या सेलमध्ये नाही, कारण एक्सेलला तो मजकूर वाटतो आणि गुणाकारात एरर येतो. आणि तिथे 1/2 टाइप केलं तर ते तारीख बनवतं. अर्धा नग भरायचाच असेल तर सरळ 0.5 टाका. नावातसुद्धा दुकानात सगळ्यांनी एकच पद्धत ठेवा, कारण एकाने ½ लिहिलं आणि दुसऱ्याने 1/2 इंच म्हणून शोधलं तर माल सापडत नाही आणि तोच आयटम दुसऱ्यांदा तयार होतो.

₹ साठी मात्र ऑल्ट कोडच्या नादी लागू नका. 8377 हा कोड वर्डमध्ये चालतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं ╣ होतं. कीबोर्ड लेआउट इंग्लिश इंडिया ठेवा आणि कंट्रोल ऑल्ट धरून वरच्या ओळीतला 4 दाबा. या लेआउटमध्ये उजवा ऑल्ट वेगळं काम करतो, उजवा ऑल्ट आणि 4 ने पण ₹ येतो, आणि म्हणूनच वरचे कोड डाव्या ऑल्टनेच टाकायचे.