जाहिरात पंचवीस शब्दांची, हप्ता लाखाचा

प्रश्न: मालवणात जेटीच्या रस्त्यावर माझं कोकणी मेव्याचं दुकान आहे. एकटीच असल्याने दुपारी एक ते तीन बंद ठेवावं लागतं. गणपतीनंतर मदतनीस ठेवायची आहे. स्थानिक पेपरात 25 शब्दांची जाहिरात 400 रुपयांत बसते, पुढे प्रत्येक शब्दाला 20 रुपये. माझा मजकूर 32 शब्दांचा होतोय: “मालवण शहरातील सुप्रसिद्ध व नामांकित कोकणी मेव्याच्या दुकानासाठी प्रामाणिक, होतकरू, मेहनती, गोड बोलणारी व विश्वासू सेल्सगर्ल पाहिजे. आकर्षक पगार. अनुभवींना प्राधान्य. इच्छुकांनी बायोडाटा व फोटोसह समक्ष भेटावे किंवा संपर्क साधावा. मोबाईल...” काय कापू? पगार आठ हजार ठरवलाय, बारा महिने. सीझनला विक्री महिना तीन लाख, पावसात पाऊण लाख. नफा वीस टक्के. भाडं-वीज पंधरा हजार, घरखर्च वीस हजार. पगाराची चिंता नाही, कारण बँकेतून घेतलेल्या नव्या पॉलिसीतून महिना साडेबारा हजार येणार आहेत. हप्ता वर्षाला एक लाख. बाँड गेल्या आठवड्यात आला, त्याचा फोटो जोडला आहे.

उत्तर: ताई, जादा सात शब्दांचे 140 रुपये वाचवायला तुम्ही पत्र लिहिलंत, ते बरं झालं, कारण त्याच पत्रात लाखाची गोष्ट शेवटच्या दोन ओळींत आली.

बाँडचा फोटो मी पाहिला. साडेबारा हजार आहेत, पण ते बाराव्या वर्षापासून पुढे दहा वर्षं. त्याआधी तुम्ही दहा वर्षं दरसाल एक लाख भरायचे. म्हणजे यंदा ऑक्टोबरात कामावर येणाऱ्या मुलीचा पगार अकरा वर्षांनी निघणार. काउंटरवरच्या माणसाने “महिना साडेबारा हजार, गॅरंटीड” एवढंच ठासून सांगितलं असणार आणि “कधीपासून” हे बारीक अक्षरात राहिलं. हिशेब साधा आहे: दहा लाख भरायचे, पंधरा लाख मिळायचे. ऐकायला दीडपट वाटतं, पण मध्ये इतकी वर्षं जातात की परतावा वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. साध्या मुदत ठेवीत याहून जास्त मिळतं, आणि मोडायची वेळ आली तर मोडताही येते. छोट्या दुकानदाराला असली योजना विकणाऱ्याचा मला राग येतो. ज्याचं उत्पन्न आठ महिन्यांचं आहे, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा सक्तीचा हप्ता बांधायचा!

आता दुकानाचा गल्ला बघू. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने सीझनचे. तीन लाखांवर वीस टक्के म्हणजे साठ हजार, त्यातून भाडं-वीज गेली की पंचेचाळीस हजार. आठ महिन्यांचे झाले तीन लाख साठ हजार. जून ते सप्टेंबर पावसाचे, किल्ल्याच्या होड्या बहुतेक काळ बंद, पाऊण लाखाच्या विक्रीवरचे पंधरा हजार भाड्या-विजेतच जातात. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा थोडी हालचाल होते, तेवढीच. घरखर्च वर्षाला दोन लाख चाळीस हजार. हातात उरतात एक लाख वीस हजार. त्यातून हप्ता गेला की वीस हजार. ह्यातून कोणाचाही बारा महिन्यांचा पगार निघत नाही.

आठ हजारांतही नाही, आणि आठ हजार देताही येणार नाहीत. दुकानांसाठी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली तो आकडा जातो. त्यातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा छापण्याआधी कामगार खात्याचा चालू तक्ता बघा. मी इथे तेरा हजार धरतो. तक्त्यात जास्त असेल तर तो आकडा घ्या. शिवाय सीझनला गोव्यातली हॉटेलं मालवणची पोरं उचलतात, आठ हजारांत तुमच्याकडे थांबणार कोण?

मदतनीस सीझनपुरतीच ठेवा: तेरा हजार गुणिले आठ महिने, म्हणजे एक लाख चार हजार. हप्ता नसेल तर हे बसतं, असेल तर नाही. म्हणून निवड मदतनीस की पॉलिसी अशीच आहे.

सुदैवाने मुदत शिल्लक आहे. बाँड हातात आल्यापासून तीस दिवसांत तो परत करता येतो. मेडिकल, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च वजा करून बाकी पैसे मिळतात. अर्ज लेखी द्या, विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन, आणि शिक्क्याची पोच घ्या. बँकेतल्या माणसाच्या हातात कागद देऊन येऊ नका. “साहेब रजेवर आहेत” म्हणत तो तीस दिवस सहज घालवेल. लाखभर परत आले की ते मदतनिसाच्या पगारासाठी वेगळ्या खात्यात ठेवा.

पण मदतनीस परवडते म्हणजे फायद्याची ठरते असं नाही. तेरा हजार भरून निघायला वीस टक्क्यांच्या नफ्यावर महिना पासष्ट हजारांची जादा विक्री लागते. सव्वीस दिवसांनी भागलं तर रोज अडीच हजार. चारशे रुपयांची आमसुलं, काजू, आंबापोळी घेणारी सहा-सात गिऱ्हाइकं. क्यूआर कोडच्या मागच्या मे महिन्याच्या नोंदी मोबाईलवर काढा आणि शटर पडण्याआधीच्या व उघडल्यानंतरच्या दोन तासांत किती पैसे जमा झाले ते बघा. तिथे रोज पाच हजार दिसत असतील तर बंद दोन तासांत निम्मी तरी विक्री मिळेल असं धरायला हरकत नाही. दीड हजारच दिसत असतील, तर जाहिरात न देता दिवाळी, नाताळ आणि मे एवढ्यापुरतं घरचं कोणी बसवा.

आकडे जमले, तर आता मजकूर. तुम्ही लिहायला सुरुवात केलीत ती चुकीच्या टोकाने. “प्रामाणिक, होतकरू, मेहनती” वाचून कोणी “मी आळशी, मला जमायचं नाही” म्हणून पान उलटत नाही. “सुप्रसिद्ध व नामांकित” हे तुमच्या समाधानासाठी. त्यात एक “व”सुद्धा वीस रुपये खातो. “आकर्षक पगार” छापलं की अनुभवी वाचक समजतो, पगार सांगण्यासारखा नाही. मग दहा जण फोन करतात, आकडा ऐकतात आणि ठेवतात. “सेल्सगर्ल” नको, होतकरू मुलगा आला तर तो का नको? “अनुभवींना प्राधान्य”ही काढा, अनुभवी माणसाला तेरा हजारांहून जास्त द्यावे लागतील. वाचणाऱ्याला विचार करायला लागते ती जागा, महिने, वेळ, सुट्टी, पगार आणि फोन कधी करायचा. हे असं लिहा:

“मालवण जेटीजवळ कोकणी मेव्याच्या दुकानात मदतनीस पाहिजे. ऑक्टोबर ते मे. वेळ 10 ते 6. मंगळवारी सुट्टी. पगार 13,000. वजनकाटा, बिल शिकवू. फोन संध्याकाळी सातनंतर (तुमचा नंबर)”

नंबर धरून बरोबर पंचवीस. “ऑक्टोबर ते मे” हे तीन शब्द कितीही ओढाताण झाली तरी ठेवा, नाहीतर जूनमध्ये तुम्हीच अवघडाल. सातनंतर एवढ्यासाठी की दुपारी गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही फोन उचलणार नाही, आणि न उचललेला उमेदवार पुन्हा फोन करत नाही. मंगळवार तुमच्या विक्रीप्रमाणे बदला, फक्त शनिवार-रविवार नको.

जाहिरात अनंत चतुर्दशी झाल्यावर द्या. गणपतीत कोकणात कोणी नोकरी शोधत नाही. सलग सहा दिवसांपेक्षा दोन रविवार घ्या, आठशे रुपयांत भागेल. आकडा आणि फोन नंबर त्यांच्याकडे एकेक शब्द धरतात ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. प्रूफवर नंबरचे दहाही अंक स्वतः वाचा आणि पावती जपून ठेवा. अंक त्यांच्याकडून चुकला तर जाहिरात पुन्हा फुकट लावून घ्यायला तीच दाखवावी लागेल.