ढेपेचा ओपनिंग स्टॉक 14 लाखच राहू द्या

प्रश्न : वकील साहेब, दारव्हा तालुक्यात माझं सरकी ढेप अन् पशुखाद्याचं दुकान आहे. दरवर्षी टॅक्स ऑडिट होतं. आजवर स्टॉक फिफोनं धरत आलो. यंदा हिशेब ठेवणाऱ्या पोरानं टॅलीत सरासरी लावली, तर 31 मार्च 2025 ची 14 लाखांची ढेप 13 लाख 28 हजारांची दिसू लागली. रिटर्न तर 14 लाखांवर भरलं आहे. पद्धत बदलता येते का? अन् 72 हजारांची जर्नल टाकून ओपनिंग स्टॉक कमी करू का?

उत्तर : भाऊ, पद्धत बदलता येते, पण ती जर्नल टाकू नका. टाकली तर नुकसान तुमचंच आहे, आणि ते कसं हे मी तुमच्याच ढेपेवर मांडून दाखवतो.

आधी पद्धतीचं बघू. फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं, म्हणून शिल्लक माल शेवटच्या खरेदीच्या भावाचा ठरतो. भारित सरासरीत सगळ्या मालाची किंमत एकत्र करून क्विंटलनं भागायची. कायद्याला दोन्ही चालतात. मात्र ज्यांचं टॅक्स ऑडिट होतं त्यांना आयकराची आयसीडीएस मानकं लागू आहेत, आणि त्यातलं दुसरं मानक सांगतं की एकदा धरलेली पद्धत वाजवी कारणाशिवाय बदलायची नाही.

तुमच्याकडे कारण आहे का? माझ्या मते आहे, आणि ते गोदामातच आहे. ढेपेच्या गोण्यांची थप्पी कशी लागते ते मी पाहिलेलं आहे. नवी गाडी आली की हमाल त्याच थप्पीवर गोण्या रचतात आणि गिऱ्हाईक आलं की वरची गोणी आधी उतरते. तीन गाड्यांचा माल एकात एक झाल्यावर कोणती गोणी कोणत्या भावाची हे मालकालाही सांगता येत नाही. अशा मालाला सरासरीच खरी लागू पडते. हे कारण तुमच्या सहीनिशी, तारीख घालून, एका पानावर लिहून सीएकडे द्या. ‘यंदा नफा कमी दिसावा म्हणून’ हे कारण नव्हे. पुढच्या वर्षी भाव उतरले म्हणून परत फिफोवर उडी मारली, तर आयकर अधिकारी तुमची पुस्तकं बाजूला सारून स्वतः उत्पन्न ठरवू शकतो.

आता ओपनिंग स्टॉक. तेच मानक स्पष्ट सांगतं की चालू धंद्यात वर्षाच्या सुरुवातीच्या मालाची किंमत म्हणजे आदल्या वर्षअखेरची किंमत. ती जशी होती तशीच पुढे आणायची. मुंबई उच्च न्यायालयानंही मेलमोल्ड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात (1993) हेच धरलं : पद्धत प्रामाणिकपणे बदलली तर बदल वर्षअखेरच्या मालाला लागतो, सुरुवातीच्या मालाला मागं जाऊन नव्या पद्धतीनं मोजत नाहीत. त्या एका वर्षी दोन टोकांना दोन पद्धती दिसतात आणि नफ्यात फरक पडतो, हे न्यायालयानं मान्य केलं आहे. निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे, तेव्हा सीएंना दाखवा.

हिशेब असा. समजा तुमची 14 लाखांची ढेप म्हणजे 400 क्विंटल, 3,500 भावानं. 2025-26 मध्ये तुम्ही 1,200 क्विंटल 3,700 नं आणि शेवटी 400 क्विंटल 4,000 नं घेतली. एकूण माल 2,000 क्विंटल, किंमत 74 लाख 40 हजार, म्हणजे सरासरी 3,720. वर्षअखेर 300 क्विंटल उरली तर ती 11 लाख 16 हजारांची. फिफोनं हीच ढेप 4,000 भावानं 12 लाखांची झाली असती. म्हणून बदलामुळं यंदाचा नफा 84 हजारांनी कमी दिसेल. हा आकडा लपवायचा नाही. ताळेबंदाच्या टिपेत पद्धत बदलल्याचं, का बदलली ते आणि हे 84 हजार लिहायचे, आणि ऑडिट रिपोर्टच्या फॉर्म 3सीडीमध्येही सीएंना ते दाखवायला सांगायचं.

आता तीच जर्नल टाकून बघा. ओपनिंग स्टॉक 13 लाख 28 हजार धरला तर सरासरी 3,684 येते आणि 300 क्विंटलची किंमत 11 लाख 5 हजार 200. ओपनिंग 72 हजारांनी उतरला, क्लोजिंग मात्र 10,800 नंच उतरला, म्हणून यंदाचा नफा 61,200 नं फुगला. उरलेले 10,800 पुढच्या वर्षी फुगतील, कारण तेव्हा तोच कमी आकडा ओपनिंग होईल. गेल्या वर्षी 14 लाखांचा क्लोजिंग स्टॉक धरून या 72 हजारांवर तुम्ही कर भरून बसला आहात. तोच पैसा दुसऱ्यांदा उत्पन्नात येतो. आणि ज्या वर्षी भाव उतरत असतात त्या वर्षी उलटं होतं : सरासरी फिफोपेक्षा जास्त निघते, ओपनिंग वाढवला की 72 हजारांसारखी रक्कम करातून निसटते, आणि अधिकारी ती नाकारतो.

गेल्या वर्षीचं रिटर्न सुधारायचीही गरज नाही. ते फिफोनं बरोबरच होतं, त्यात चूक नव्हती.

टॅलीत नेमकं काय घडलं ते सांगतो. आयटमच्या मास्टरमधला `Costing Method` बदलला की तो एका तारखेपासून लागू होत नाही. त्या कंपनीतल्या सगळ्या मागच्या तारखांचा माल नव्यानं मोजला जातो. म्हणून बंद झालेल्या वर्षाचा ताळेबंदही पडद्यावर बदलला. आधी बॅकअप घ्या. मग `Costing Method` पुन्हा `FIFO` करा आणि 31 मार्च 2025 चा `Stock Summary` काढून ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी आयटमवार जुळवा. जुळला की छापून सही करून ठेवा. त्यानंतर 1 एप्रिल 2025 पासूनची कंपनी वेगळी तोडा, तिच्यात ढेपेचा ओपनिंग 400 क्विंटल, 14 लाख असाच आला आहे हे बघा, आणि मगच त्या नव्या कंपनीत `Avg. Cost` लावा. हा क्रम उलटा झाला तर तोडलेल्या कंपनीत 13 लाख 28 हजारच येतील.

सरासरी वर्षाची एकदम काढायची की प्रत्येक गाडी आल्यावर, हे आत्ताच ठरवा. दोन्ही चालतात, आकडे मात्र वेगळे येतात. वर मी वर्षाची एकदम काढली आहे. टॅलीचा भाव तुमच्या कागदावरच्या भावाशी एकदा ताडून बघा.

बँकेकडे कॅश क्रेडिट असेल तर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही पद्धत बदलल्याचं एका ओळीत कळवा. किंमत उतरली की उचल मर्यादा थोडी कमी बसेल. न सांगता आकडा उतरला तर माल कुठं गेला असं विचारायला बँकेचा माणूस गोदामात येईल.

आणि पावसात ओल लागून बुरशी आलेल्या गोण्या असतील तर त्या सरासरी भावात धरू नका. त्या बाजूला काढून मोजा आणि विकून जे हाती येईल तेवढीच त्यांची किंमत लावा, कारण खर्च आणि मिळणारी किंमत यांतला कमी आकडाच कायद्याला चालतो.