करारावर सही घेण्याआधी शेजाऱ्याचा सिलिंडर आपल्या सेटला लावून बघा

प्रश्न: आमचं लोट्याला छोटं केमिकल युनिट आहे, क्लोरीनचे टनर, म्हणजे टनभर क्लोरीनच्या आडव्या टाक्या, वापरतो. ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन कसा तयार करायचा? शेजारच्या कंपन्यांशी मदतीचा करार लागतो म्हणे, त्याचा फॉरमॅट कुणाकडे आहे का?

उत्तर: फॉरमॅट कुठलाही कन्सल्टंट देईल. माझं भांडण त्या फॉरमॅटशीच आहे.

मी बरीच वर्षं कोकणातल्या एका एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज होतो. पश्चिमेच्या शेजाऱ्याशी आमचा करार होता, दोन्हीकडच्या सह्याशिक्क्यांसकट. एका रात्री लाइनवरच्या टनरचा फ्युजिबल प्लग, म्हणजे जास्त तापल्यावर वितळणारं सुरक्षेचं बूच, गळू लागला. व्हॉल्व्हची गळती व्हॉल्व्ह बंद करून बहुधा आटोक्यात येते, प्लगची येत नाही. त्यात हा प्लग खालच्या बाजूला, म्हणजे बाहेर पडत होता तो द्रव क्लोरीन, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. माझी दोन माणसं श्वसनसंच चढवून आत गेली. त्यांनी होइस्टने टनर फिरवून प्लग वर आणला, तेव्हा द्रवाऐवजी वायू येऊ लागला आणि गळतीचा जोर ओसरला. आता किटमधलं हूड, म्हणजे गळती झाकणारं टोपण, बसवायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेवढ्यात हवा संपत आल्याच्या सेटच्या शिट्ट्या वाजल्या. सेटचा हवेचा सिलिंडर कागदावर अर्ध्या तासाचा असतो, पण टनर ढकलणाऱ्या माणसाला तो वीस मिनिटंही पुरत नाही.

शेजाऱ्याला फोन केला. गेटवरच्या वॉचमनला करार कसला ते ठाऊक नाही. सेट स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि स्टोअरकीपर चिपळूणला घरी. कुलूप तोडून त्यांनी सिलिंडर पाठवले, तर ते ३०० बारचे आणि आमचे सेट २०० बारचे. जास्त दाबाचा सिलिंडर कमी दाबाच्या सेटला लागू नये म्हणून जोड मुद्दामच वेगळा केलेला असतो, त्यामुळे तो बसला नाही. तोवर मतलई वाऱ्याने वायू त्यांच्याच गेटवर नेला होता, त्यांनाच माणसं हलवायची वेळ आली. शेवटी पूर्वेच्या युनिटचा सुपरवायझर स्वतःचे पूर्ण सेट आणि शिकलेली दोन माणसं घेऊन आला. त्यांनी हूड बसवलं. त्या युनिटशी आमचा कसलाही करार नव्हता.

आमचे तेव्हाचे मॅनेजर यानंतरही म्हणत राहिले, "करार होता ना? ऑडिटला काही निघालं नाही." मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

म्हणून सांगतो, करार एकाशी करू नका. आपल्याकडे दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात, रात्री मतलई वारे डोंगराकडून, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर. निदान दोन वेगवेगळ्या दिशांचे शेजारी धरा. वारा ज्याच्याकडे जातोय त्याच्याकडून त्या वेळी मदतीची अपेक्षा धरायची नाही. असेंब्ली पॉइंटही याच हिशेबाने दोन ठेवा आणि कुठला वापरायचा ते विंडसॉक बघून ठरवा.

मदत मागताना सुटे सिलिंडर मागू नका, पूर्ण सेट आणि तो घालायला शिकलेली माणसं मागा. कराराला एक पान जोडा: काय देणार, किती, कुठल्या बारचं, कुठे ठेवलंय, रात्री किल्ली कुणाकडे, आणि शिफ्टमधला कोण वरिष्ठांना न विचारता ते देऊ शकतो. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त टाळला जातो. वापरलेल्या मालाची भरपाई कोण करणार आणि मदतीला आलेल्या माणसाला इजा झाली तर खर्च कुणाचा, हेही त्यातच लिहा, नाहीतर समोरचा मॅनेजर ऐन वेळी कचरतो. आलेली माणसं तुमच्या इन्सिडेंट कंट्रोलरच्या हुकमात राहतील, हेही स्पष्ट असू द्या. त्या रात्री शेजारच्या एकाने होज थेट गळतीवर धरायची तयारी केली होती. क्लोरीनच्या गळतीवर पाणी पडलं की आम्ल होतं आणि भोक मोठं होतं. पाण्याचा पडदा धरायचा तो वाऱ्याच्या दिशेला, दूर.

दर सहा महिन्यांच्या मॉक ड्रिलपैकी एक रात्री घ्या, शेजाऱ्याच्या वॉचमनला फोन लावून.

बाकी नियमांचं: साठा किती, त्यावर तुम्हाला कुठलं कलम लागू ते ठरतं, ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्या. कारखान्यांच्या परस्पर मदतीच्या 'मार्ग' गटाचे सभासद असाल तर चांगलंच, पण पहिल्या वीस मिनिटांत पोचणारा शेजारीच असतो. आणि मी लिहिलंय ते क्लोरीनपुरतं. सॉल्व्हंटचा साठाही असेल तर फोमचा हिशेब वेगळा. अल्कोहोल, अॅसिटोनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या सॉल्व्हंटवर साधा फोम टिकत नाही, तेव्हा शेजाऱ्याकडे कुठला फोम आहे ते त्याच पानावर लिहून घ्या.