ट्रॅक्टर मागे उडी का मारतो?

प्रश्न: मी भुसावळला, मित्र नंदुरबारला. गेममध्ये एकच ट्रॅक्टर आम्हा दोघांना वेगवेगळ्या जागी दिसतो. माझा ट्रॅक्टर तर चालता चालता मागे उडी मारतो. सर्व्हरकडून आलेली जागा मी लगेच लावतो, तरी असं का?

उत्तर: भाऊ, ती जागा लगेच लावता, तिथेच गडबड आहे. सर्व्हरची जागा बरोबर असते, पण जुनी असते.

समजा ट्रॅक्टर सेकंदाला 5 मीटर जातो आणि तुम्ही दर 50 मिलिसेकंदाला एक इनपुट पाठवता, म्हणजे एका इनपुटला पाव मीटर. सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला 200 मिलिसेकंद लागतात. तुमच्या मोबाईलने उत्तराची वाट न पाहता 14 इनपुट चालवले, ट्रॅक्टर 3.50 वर आहे. तेवढ्यात सर्व्हरचा निरोप येतो: ‘10व्या इनपुटपर्यंत पोचलो, जागा 2.50.’ ती जशीच्या तशी लावली की ट्रॅक्टर अख्खा मीटरभर मागे.

म्हणून प्रत्येक इनपुटला क्रमांक द्या आणि उत्तर येईपर्यंत तो जपून ठेवा. सर्व्हरनेही शेवटी कोणता क्रमांक चालवला ते कळवायला हवं. निरोप आला की:

```js
me.x = msg.x;
pending = pending.filter(i => i.seq > msg.lastSeq);
pending.forEach(i => applyInput(me, i));
```

2.50 वर 11 ते 14 पुन्हा चालवले की परत 3.50, उडी नाही. मधे मित्राचा ट्रॅक्टर आडवा आला आणि सर्व्हरने एक पाऊल अडवलं, तर निरोपात 2.25 येईल आणि तुम्ही 3.25 वर याल. ही पाव मीटरची दुरुस्ती खरी आहे, ती करायलाच हवी. फक्त हिशोबातली जागा लगेच बदला आणि स्क्रीनवरचं चित्र पुढच्या काही फ्रेममध्ये हळूहळू तिथे आणा. हिशोबातली जागाच हळू सरकवली, तर पुढचा प्रत्येक अंदाज चुकतो.

हे करूनही मोकळ्या रस्त्यावर, आजूबाजूला कोणी नसताना बारीक झटके येत असतील तर `applyInput` तपासा. मोबाईल फ्रेमच्या वेळेने आणि सर्व्हर ठरावीक 50 मिलिसेकंदांनी हिशोब करत असेल, तर दोघांची उत्तरं जुळणारच नाहीत. दोन्हीकडे तेच फंक्शन, तेवढंच पाऊल ठेवा.

मित्राच्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं. त्याचं बोट पुढे कुठे वळेल ते तुमच्या मोबाईलला माहीत नाही, म्हणून तिथे अंदाज बांधू नका. सर्व्हर दर 100 मिलिसेकंदाला जागा पाठवत असेल, तर आलेल्या शेवटच्या दोन जागांच्या मधून तो चालवा. प्रवासाचे साधारण 100 आणि हे 100 मिळून तो तुम्हाला 200 मिलिसेकंद जुना दिसेल, म्हणजे वेगात असताना सर्व्हरच्या जागेपेक्षा मीटरभर मागे. तुमचा त्यालाही तसाच दिसेल. दोन स्क्रीनमधला हा फरक राहतोच, त्यामुळे धडक झाली की नाही याचा निकाल मोबाईलवर लावू नका, सर्व्हरवरच लावा.