टाइप १ डायबिटीस आहे, हॉस्टेलला जातेय. रूममेट्सना न कळता शुगर चेक करता येते का?

येते. मी साडेतीन महिने केलं. पुण्यात, चार जणींच्या रूममध्ये, फर्स्ट इयरला.

मीटर मेकअपच्या पाऊचमध्ये, इन्सुलिनचं पेन कंपासपेटीत (चालू पेन बाहेर राहिलं तरी महिनाभर चालतं, नवीन पेनं मामीच्या फ्रिजमध्ये). चेक करायचं ते बाथरूममध्ये. लॅन्सेटचा 'टक' आवाज येतो ना, तो ऐकू जाऊ नये म्हणून आधी नळ सोडायचा, मग बोट टोचायचं, वापरलेली स्ट्रिप पेपरात गुंडाळून पॅडच्या डब्यात. आता आठवलं की हसू येतं पण तेव्हा मला वाटायचं कळलं की सगळ्या बिचारी बिचारी करणार आणि मेसमध्ये माझ्या ताटावर लक्ष ठेवणार.

घोळ कुठे झाला सांगते. लपवायचं म्हणजे बाथरूम रिकामं पाहिजे, आणि रात्री अकराला आमच्या मजल्यावर ब्रश करायला लाइन असायची. त्यामुळे हळूहळू झोपण्याआधीचं चेकिंग बुडायला लागलं. त्या दिवशी गॅदरिंगची डान्स प्रॅक्टिस होती. सव्वाआठला जेवणाचं इन्सुलिन घेतलं, नेहमीच्या तीन चपात्या आणि भाताच्या हिशोबाने, आणि मेसला निघाली दोडक्याची भाजी. दीड चपाती खाल्ली. मग नऊ ते अकरा नाच. दहाचं लांब चालणारं इन्सुलिन मध्येच पळत येऊन घेतलं, पण चेक नाही केलं. जेवणाचं इन्सुलिन चारेक तासांत उतरतं म्हणून मी निर्धास्त होते, पण दमलेले स्नायू त्यानंतरही रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी कानाआड केलं होतं.

पावणेतीनला जाग आली ती टीशर्ट ओला गच्च, छाती धडधडतेय, हात थरथरतायत. लो झालंय हे कळलं, पण ग्लुकोज पावडर कुठे, तर कपाटात, कुलूप लावून, कारण कोणी विचारू नये! किल्ली उशीखाली होती. ती कुलपात जाईचना. उलटी, सुलटी, परत उलटी. किती वेळ खुडबुडत होते देव जाणे, मध्येच मी हे कशासाठी उघडतेय तेच विसरले.

खालच्या बेडवरची साताऱ्याची उठली. "ए, काय करतीयेस?" मी तिच्यावर खेकसले म्हणे, मला काही आठवत नाही. तिला वाटलं मी पिऊन आलेय. मग मी खाली बसले आणि "साखर, साखर" एवढंच म्हणत राहिले. लातूरच्या मुलीने चॉकलेट पुढे केलं, पण साताऱ्याचीने चहाच्या बरणीतली तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ग्लास हातात दिला. नशीब तेच दिलं. चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. आणि मी तेव्हा गिळू शकत होते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, घशात अडकतं, कुशीवर वळवून सरळ दवाखाना गाठायचा.

अर्धा ग्लास माझ्या हातावरच सांडला होता. थोड्या वेळाने मीटर काढायला सांगितलं, तर आकडा 212. सगळ्या खूश, झाली बरी! मला मात्र अजून घाम येत होता. मग डोक्यात उजेड पडला की बोटाला साखर लागलीय. हात धुवून, पुसून परत टोचलं: 51. म्हणजे पाणी पिण्याआधी किती असेल विचार कर. परत तीन चमचे, मोबाईलवर पंधरा मिनिटांचा टायमर, मग 68, परत तीन चमचे, मग 94. त्यावर चार बिस्किटं, कारण नुसती साखर तासाभरात उतरते आणि सकाळ अजून लांब होती. चार वाजता परत चेक केलं, 118, मग झोपले.

सकाळी साताऱ्याचीचा पहिला प्रश्न, "म्हणजे बाथरूममधला तो टक टक आवाज तुझा होता होय? आम्हाला वाटायचं नळ खराब झालाय, मी रेक्टर मॅडमकडे दोनदा तक्रार दिलीये."

बिचारी म्हणणं वगैरे दोन दिवस चाललं. मग तिघींनाही आपापली शुगर बघायची होती, मी नाही म्हटलं, बोट टोचायचं पेन एकमेकींत वापरायचं नसतं, त्यावरून लातूरची थोडी रुसली पण. पावडरचा डबा खिडकीत उघड्यावर आला, मीटर टेबलावर. कपाटाचं कुलूप तसंच आहे, त्यात आता आईने पाठवलेले लाडू असतात, कारण ते मात्र या पोरी ठेवत नाहीत.