दोन्ही फंड निफ्टी ५० चेच, मग परतावा वेगळा कसा?

प्रश्न: दोन्ही इंडेक्स फंड निफ्टी ५० चेच आहेत, तरी वर्षाअखेर परतावा वेगळा का? ट्रॅकिंग एरर कमी असलेलाच घ्यावा का?

उत्तर: नुसत्या ट्रॅकिंग एररवर जाऊ नका. निर्देशांकाला खर्च नसतो, फंडाला असतो. शिवाय पैसे परत मागणाऱ्यांसाठी थोडी रोकड हाताशी ठेवावी लागते, आणि बाजार चढताना ती मागे पडते.

खानापुरात काकांनी आणि मी आमची स्टेटमेंटं शेजारी मांडली, तेव्हा हेच दिसलं. समजा लाभांशासह निर्देशांक १२ टक्के वाढला. थेट फंड कंपनीकडून घेतलेला माझा डायरेक्ट प्लॅन ११.७ टक्क्यांवर थांबला, काकांचा एजंटाकडून घेतलेला, म्हणून जास्त खर्चाचा रेग्युलर प्लॅन ११.२ वर. लाखामागे ५०० रुपयांचा फरक, आणि तो दरवर्षी साचत जातो.

गंमत म्हणजे काकांच्या फंडाचा ट्रॅकिंग एरर माझ्याइतकाच कमी असू शकतो. हा आकडा फक्त फंड आणि निर्देशांक यांच्या परताव्यातली रोजची तफावत किती वरखाली होते ते मोजतो. खर्च रोज सारखाच थोडा थोडा कापला जातो, म्हणून तो त्यात जवळपास दिसतच नाही. तो दिसतो ट्रॅकिंग डिफरन्समध्ये, म्हणजे फंडाच्या परताव्यातून निर्देशांकाचा परतावा वजा करून. फंडाच्या वेबसाइटवर १, ३ आणि ५ वर्षांचा हा आकडा पाहा, आणि तुलना त्याच निर्देशांकाच्या टीआरआयशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशीच करा, कारण लाभांश त्यातच धरलेला असतो.